इंटर्नल हिंज असलेल्या बीमच्या रिअॅक्शन: आधी हिंजपाशी कापा, मग यूडीएल गोळा करा

प्रश्न: सर, बीम ABC आहे. A ला फिक्स्ड सपोर्ट, B ला इंटर्नल हिंज, C ला रोलर. AB ४ मीटर, BC ६ मीटर. पूर्ण लांबीवर १० किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल आणि बरोबर B वर २० किलोन्यूटनचा पॉइंट लोड. हिंजच्या उजवीकडचा मोमेंट शून्य धरला तर माझी C ची रिअॅक्शन १६.६७ येते, पुस्तकात ३० दिली आहे. ΣV आणि ΣM दोन्ही जुळतात, मग चूक कुठे? आणि B वरचा पॉइंट लोड डाव्या भागात धरायचा की उजव्या?

उत्तर:

तुमचा १६.६७ कुठून आला हे आकड्यावरूनच कळतं. तुम्ही आधी सगळ्या १० मीटरचा यूडीएल गोळा करून १०० किलोन्यूटनचा एकच लोड केला आणि तो बीमच्या मध्यावर, म्हणजे A पासून ५ मीटरवर ठेवला. ती जागा हिंजच्या उजवीकडे १ मीटरवर पडते. मग हिंजचं समीकरण लिहिताना तो अख्खा १०० चा लोड उजव्या बाजूला दिसला, आणि १०० × १ भागिले ६ असं करून १६.६७ आलं.

गडबड एवढीच की त्या १०० पैकी ४० किलोन्यूटन AB वर आहेत. BC चा त्यांच्याशी काही संबंध नाही. यूडीएलच्या जागी एकच लोड ठेवायची मुभा आपल्याला असते, पण ज्या तुकड्याचं संतुलन लिहितोय त्या तुकड्यापुरतीच. पूर्ण बीमचं समीकरण लिहिताना मध्यावरचे १०० चालतात. हिंजपाशी कापून एका बाजूचं समीकरण लिहायचं असेल, तर आधी कापायचं आणि मग त्या बाजूवर जेवढा लोड शिल्लक राहतो तेवढाच गोळा करायचा. हा क्रम उलटा झाला की उत्तर चुकतं, आणि चुकलंय हे सहजासहजी समजतही नाही.

समजत का नाही? तुमची पुढची गणितं बघा. R_C १६.६७ घेतल्यावर उभ्या बलांची बेरीज करून V_A १०३.३३ आली असेल आणि A भोवती पूर्ण बीमचा मोमेंट घेऊन M_A ४१३.३३ आला असेल. आता ΣV तपासली तर ती जुळणारच, कारण V_A तिच्यातूनच काढली होती. ΣM तपासला तर तोही जुळणार, कारण M_A त्यातूनच आला. C भोवती घ्या नाहीतर बीमच्या मध्याभोवती घ्या, उत्तर शून्यच येईल. पूर्ण बीमला हिंज आहे हे माहीतच नसतं, त्यामुळे तुम्ही R_C ची कुठलीही किंमत घेतली असती, अगदी ५ किंवा ७५ घेतली असती, तरी ही तपासणी पास झाली असती. तुमचं चुकलेलं समीकरण होतं हिंजचं, आणि तेवढं एकच तपासायचं राहून गेलं.

म्हणून अशा बीममध्ये खरी तपासणी न वापरलेल्या बाजूने करायची. तुम्ही R_C काढायला हिंजची उजवी बाजू वापरली, तर शेवटी हिंजपाशी कापून डाव्या बाजूचा मोमेंट घ्या. तुमच्या आकड्यांनी तो असा येतो:

```
103.33 × 4 − 413.33 − 40 × 2 = −80 kN·m
```

तो शून्य यायला हवा होता. तुमच्या उत्तराप्रमाणे B पाशी ८० किलोन्यूटन मीटरचा मोमेंट आहे, म्हणजे तिथे हिंजच नाही. गंमत म्हणजे हाच ८० उजव्या बाजूनेही निघतो: BC वर खरोखर असलेले ६० किलोन्यूटन त्याच्या मध्यावर ठेवून १६.६७ × ६ − ६० × ३ करा, पुन्हा उणे ८०. दोन्ही बाजूंनी एकच आकडा येतोय, यावरून बाकीचं गणित तुम्ही नीट केलं होतं हे दिसतं. चूक एकाच ओळीत आहे.

आता नीट सोडवू. सुरुवात कुठल्या तुकड्यापासून करायची हा पहिला निर्णय, आणि त्यावरच पुढची मेहनत वाचते. हिंजपाशी बीम मनातल्या मनात कापा आणि प्रत्येक तुकड्याला विचारा: दुसरा तुकडा काढून नेला तर तू एकटा उभा राहशील का? AB राहील, कारण A ला तो फिक्स्ड आहे, म्हणजे तो साधा कॅन्टिलिव्हर आहे. BC राहणार नाही. त्याला C ला रोलर आहे खरा, पण B कडचं टोक AB वर टेकलेलं आहे. तेव्हा BC हा टेकणारा तुकडा आणि AB हा त्याला पेलणारा. गणित नेहमी टेकणाऱ्यापासून सुरू करायचं, कारण त्याच्यावरच्या अज्ञात गोष्टी कमी असतात. पेलणाऱ्यापासून सुरुवात केलीत तर V_A, M_A आणि हिंजमधलं बल असे तीन अज्ञात एकदम समोर येतात आणि उभी समीकरणं दोनच असतात.

BC सुटा काढला की तो ६ मीटरचा साधा सिम्प्ली सपोर्टेड बीम आहे. B ला AB त्याला वर उचलतो, C ला रोलर उचलतो. B वरचा २० चा पॉइंट लोड सध्या AB च्या नावावर टाकू, त्याचं पुढे बोलतो.

```
B भोवती:  R_C × 6 = 60 × 3    →  R_C = 30 kN
ΣV:       V_B = 60 − 30       →  V_B = 30 kN (BC वर वरच्या दिशेने)
```

पुस्तकातला ३० इथेच मिळाला. लोड सगळीकडे सारखा असल्यामुळे हे तोंडीसुद्धा येतं, अर्धा इकडे अर्धा तिकडे.

आता AB. इथे एकच गोष्ट जपायची. BC ला B पाशी ३० किलोन्यूटन वर मिळाले, तर AB ला त्याच जागी ३० किलोन्यूटन खाली मिळणार. हे क्रिया-प्रतिक्रियेचं जोडबल आहे. दिशा उलटायला विसरलात तर V_A मध्ये ६० चा फरक पडेल. ती चूक मात्र ΣV मध्ये लगेच पकडली जाते. AB वर मग खाली जाणारे तीन लोड झाले: स्वतःचा यूडीएल ४०, हिंजवरचा पॉइंट लोड २० आणि BC ने टाकलेले ३०.

```
V_A = 40 + 20 + 30 = 90 kN
M_A = 40 × 2 + 20 × 4 + 30 × 4 = 280 kN·m
```

M_A ची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट, म्हणजे A पाशी हॉगिंग, वरचे तंतू ताणात. आडवा लोड कुठेच नाही, म्हणून H_A शून्य. तिरका लोड असता तर त्याचा आडवा भाग सगळाच्या सगळा A ला गेला असता, कारण C चा रोलर आडवं काही धरत नाही. तो लोड BC वर असता तर हिंजच्या पिनमधून A पर्यंत पोचला असता. हिंज मोमेंट सोडतो, पण उभं आणि आडवं बल दोन्ही पुढे देतो.

तपासणीसाठी मी शिअर फोर्स डायग्रामचं क्षेत्रफळ वापरतो, कारण त्यात हिंज आपोआप येतो. A पाशी शिअर ९०, तिथून मीटरला १० कमी होत B च्या किंचित डावीकडे ५०. A ते B मधलं क्षेत्रफळ म्हणजे ९० आणि ५० ची सरासरी गुणिले ४, बरोबर २८०. A चा मोमेंट उणे २८० होता, त्यात २८० मिळवले की B ला शून्य. तुमच्या जुन्या आकड्यांनी हेच केलं तर शिअर १०३.३३ वरून ६३.३३ वर येतो, क्षेत्रफळ ३३३.३३ आणि B ला पुन्हा तोच उणे ८०. परीक्षेत हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि एसएफडी तर तुम्ही तसाही काढणारच असता.

आता २० किलोन्यूटनचं. तो कोणत्याही बाजूला घ्या, सपोर्टच्या रिअॅक्शन बदलत नाहीत. वर तो AB ला दिला. समजा BC ला दिला. तो बरोबर B वर असल्यामुळे B भोवती त्याचा मोमेंट शून्य, म्हणून R_C ३० च राहते. पण आता AB ला BC चं टोक उचलून धरायला ३० ऐवजी ५० द्यावे लागतात. AB वर मग ४० चा यूडीएल आणि ५० चं हिंजबल. V_A पुन्हा ९०, M_A पुन्हा ८० अधिक २००, म्हणजे २८०. दोन्हीकडे मात्र घेऊ नका. एफबीडी काढताना दोन्ही तुकड्यांवर २० चा बाण मारून ठेवणारे दरवर्षी भेटतात. त्यांची V_A ११० येते आणि ΣV मध्ये २० जास्त निघतात.

रिअॅक्शन बदलली नाही तरी एक गोष्ट बदलली: पिनमधलं बल. पहिल्या मांडणीत ३०, दुसऱ्या मांडणीत ५०. शिअर डायग्रामवरही हे दोन्ही आकडे दिसतात, B च्या डावीकडे ५० आणि उजवीकडे ३०. कागदावर हा प्रश्न निरर्थक आहे, कारण बिंदूला रुंदी नसते. पण प्रत्यक्षात वरून येणारा खांब किंवा आडवा बीम कुठल्या तरी एका बाजूच्या तुकड्यावर बसणार, आणि त्यावरून पिन किंवा बोल्ट ३० ला डिझाइन करायचे की ५० ला हे ठरणार. डिटेल ठरलेलं नसेल तर ५० धरून पुढे जायचं.

पॉइंट लोडचं जे चालतं ते कपलचं चालत नाही. हिंजपाशी १२ किलोन्यूटन मीटरचा घड्याळाच्या दिशेचा कपल दिला असेल, तर तो डावीकडे आहे की उजवीकडे हे प्रश्नात सांगितलंच पाहिजे. आपल्याच बीमवर करून बघा. कपल हिंजच्या किंचित उजवीकडे असेल तर तो BC च्या समीकरणात येतो: R_C × ६ = १८० + १२, म्हणजे R_C ३२, पिनमधलं बल २८, V_A ८८ आणि M_A २७२. तोच कपल हिंजच्या किंचित डावीकडे असेल तर BC ला त्याचा पत्ताच नाही: R_C ३०, V_A ९०, आणि M_A सरळ १२ ने वाढून २९२. A भोवती पूर्ण बीम तपासला तर २७२ + ३२० आणि २९२ + ३०० दोन्ही ५९२ च येतात, म्हणजे दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. कारण उघड आहे. पिन बल पलीकडे नेतो, मोमेंट नेत नाही. ज्या तुकड्यावर कपल लावला त्यालाच तो फेडावा लागतो. प्रश्नपत्रिकेत कपलचा गोल बाण नेमका हिंजच्या ठिपक्यावर काढलेला असेल तर तो प्रश्न अपुरा आहे. अशा वेळी आपण कोणती बाजू गृहीत धरली ते स्पष्ट लिहून पुढे जा.

आणखी एक गोष्ट, कारण "हिंजचा मोमेंट शून्य" हे वाक्य दोन अर्थांनी घेतलं जातं. पूर्ण बीमवरच्या सगळ्या बलांचा B भोवतीचा मोमेंट शून्य असतोच, पण तो कुठल्याही बिंदूभोवती शून्य असतो. B मध्ये त्यासाठी काही विशेष नाही. त्या समीकरणात V_A, M_A आणि R_C तिन्ही येतात आणि ते ΣV आणि ΣM_A यांची बेरीज-वजाबाकी करून मिळणारंच समीकरण असतं, नवीन माहिती शून्य. चार अज्ञात आणि वरवर चार समीकरणं लिहून शेवटी ० = ० हाती आलं, तर समजा की हेच झालंय. हिंजचं समीकरण एका बाजूचं असतं: B च्या फक्त उजवीकडची बलं, किंवा फक्त डावीकडची. डावीकडचं आणि उजवीकडचं अशी दोन वेगळी समीकरणंही मिळत नाहीत, कारण त्या दोघांची बेरीज म्हणजे पूर्ण बीमचं B भोवतीचं समीकरण. एका हिंजमागे नवीन समीकरण एकच. म्हणूनच तुमच्या बीमचा हिशोब बरोबर बसतो: अज्ञात चार (H_A, V_A, M_A, R_C), समीकरणं तीन अधिक एक.

फिक्स्ड सपोर्टऐवजी दुसऱ्या तुकड्याला दोन सपोर्ट असतील तर काय बदलतं तेही बघू, कारण परीक्षेत दुसरा प्रकार तोच येतो आणि पुलांमध्येही तोच जास्त दिसतो. A ला पिन, ५ मीटरवर B ला रोलर, B च्या पुढे २ मीटरचा ओव्हरहँग, त्याच्या टोकाला हिंज H, तिथून ६ मीटरवर D ला रोलर. HD च्या मध्यावर ४० किलोन्यूटन, बाकी काही नाही. टेकणारा तुकडा HD. त्यावरून R_D २० आणि हिंजमधलं बल २०. मग ABH वर टोकाला २० खाली:

```
A भोवती:  R_B × 5 = 20 × 7    →  R_B = 28 kN
ΣV:       R_A = 20 − 28       →  R_A = −8 kN
```

उणे ८ बघून पुष्कळ जण वर जाऊन चूक शोधायला लागतात. चूक नाहीये. A ला बीम वर उचलला जातोय आणि सपोर्टने त्याला खाली ओढून धरायला हवं. पिन सपोर्ट वर-खाली दोन्हीकडे धरतो असं आपण चित्रात मानतो म्हणून गणित पुढे जातं. A ला नुसतं टेकवलेलं बेअरिंग असेल तर बीम उचलला जाईल, आणि मग हिंजपासूनचं सगळंच बदलेल. खरं तर AB वर स्वतःचं वजन असतं आणि ते बऱ्याचदा या उणे ८ ला पुरून उरतं. AB वर मीटरला ४ किलोन्यूटन जरी डेड लोड असला तरी A ला त्यातून १० मिळतात आणि बेरीज अधिक २ होते. म्हणून असा आकडा आला की डेड लोडसकट पुन्हा बघायचं. मात्र तो डेड लोड धरताना सुरक्षेच्या बाजूने कमीच धरायचा, कारण इथे तो आपल्याला मदत करतोय. ओव्हरहँगवरचा आणि HD वरचा डेड लोड त्याच वेळी A ला उचलतोय, तोही विसरू नका.

या दोन बीममध्ये एक गोष्ट सारखी आहे आणि ती कळली की निम्मी उत्तरं गणिताआधीच सांगता येतात. टेकणाऱ्या तुकड्यावरचा लोड पेलणाऱ्यापर्यंत पोचतो, उलट मात्र कधीच नाही. तुमच्या बीमवर फक्त AB वर लोड असेल, कितीही असेल, तर R_C शून्य. दुसऱ्या बीमवर फक्त AB वर ट्रक उभा असेल तर D ला काहीच कळत नाही. त्याच ट्रकने H ओलांडला की मात्र A, B, D तिन्हीकडे हिशोब बदलतो. उत्तर काढल्यावर एवढं जरी पाहिलंत, की पेलणाऱ्यावरच्या लोडमुळे टेकणाऱ्याच्या रिअॅक्शनमध्ये काही आलंय का, तरी तुमची मूळ चूक दिसली असती. AB वरचे ४० किलोन्यूटन काढून टाकले तर तुमची R_C बदलते का? तुमच्या पद्धतीने बदलते: उरलेला यूडीएल ६० चा, त्याची जागा B पासून ३ मीटरवर, आणि R_C ३०. म्हणजे डावीकडचा लोड काढल्यावर उजवीकडची रिअॅक्शन वाढली! तिथेच थांबायला हवं.

अज्ञात आणि समीकरणं मोजून बीम डिटर्मिनेट ठरवतात ते ठीक, पण मोजणी जुळली म्हणजे बीम उभा राहील असं नाही. तुमच्या बीममध्ये A ला फिक्स्डऐवजी साधा पिन दिला, तर अज्ञात तीन आणि समीकरणं चार होतात. बीम हिंजपाशी खाली घडी पडून कोसळतो. हे मोजणीतच दिसतं. न दिसणारा प्रकार असा: चार सपोर्टवर तीन स्पॅन आणि दोन हिंज. अज्ञात पाच, समीकरणं पाच. दोन्ही हिंज मधल्या स्पॅनमध्ये असतील तर उत्तम, मधला तुकडा दोन ओव्हरहँगवर टेकतो. पण दोन्ही हिंज पहिल्याच स्पॅनमध्ये टाकले, तर पहिल्या सपोर्टपासून पहिल्या हिंजपर्यंतचा तुकडा पुढच्या तुकड्यावर टेकतो आणि तो पुढचा तुकडा याच्यावर. दोघंही टेकणारे, पेलणारा कोणी नाही. गणितात हे असं दिसतं की पहिल्या हिंजमधलं बल दोन बाजूंनी दोन वेगवेगळे येतं, आणि उरलेला तीन सपोर्टवरचा भाग मात्र एका अज्ञाताने जास्त राहतो. एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त, बेरीज मात्र पाचला पाच. "तू एकटा उभा राहशील का" हा प्रश्न प्रत्येक तुकड्याला विचारत गेलात तर हे कागदावर आकडा लिहिण्याआधी लक्षात येतं.

मग मुळात सलग बीममध्ये कोणी मुद्दाम हिंज का घालेल? जर्मन इंजिनिअर हाइनरिश गेर्बर याने १८६६ मध्ये याच कल्पनेचं पेटंट घेतलं आणि १८६७ मध्ये हासफुर्टला माइन नदीवर असा पूल झाला. म्हणून या बीमला आजही गेर्बर बीम म्हणतात. फायदा आपल्याच बीमवर मोजता येतो. C चा सपोर्ट २० मिलिमीटर खचला असं धरा. हिंज असेल तर BC फक्त B भोवती किंचित फिरतो, एकही रिअॅक्शन बदलत नाही. हिंज काढून बीम १० मीटर सलग केला आणि EI समजा ६०,००० किलोन्यूटन वर्गमीटर धरला, तर:

```
ΔR_C = 3·EI·δ / L³ = 3 × 60000 × 0.02 / 10³ = 3.6 kN
ΔM_A = 3.6 × 10 = 36 kN·m
```

कुठलाही नवीन लोड न येता A चा मोमेंट ३६ ने वाढला. बीम जितका ताठ आणि स्पॅन जितका लहान, तितका हा आकडा मोठा. नदीच्या गाळात पाया असताना, आणि इनडिटर्मिनेट गणित हाताने करावं लागत असताना, हिंजचं आकर्षण का होतं हे यावरून कळेल.

किंमत हिंजपाशीच मोजावी लागते. तिथे मोमेंट शून्य म्हणून जोड हलका, असा समज होतो, पण तिथून टेकणाऱ्या तुकड्याची अख्खी एंड रिअॅक्शन जात असते आणि ती पोचायला दुसरी वाट नसते. काँक्रीटच्या पुलात हा हिंज बहुधा हाफ जॉइंट म्हणून येतो: पेलणाऱ्याच्या टोकाला वरचा अर्धा भाग कापून खालचा ठेवलेला, टेकणाऱ्याच्या टोकाला खालचा कापून वरचा ठेवलेला, मध्ये बेअरिंग. म्हणजे जिथे सगळा शिअर जातो तिथेच सेक्शनची उंची निम्मी, आणि वरच्या एक्स्पान्शन जॉइंटमधून पाणी गळतं तेही नेमकं तिथेच. कॅनडातल्या लावाल इथला १९७० साली बांधलेला द ला काँकॉर्ड ओव्हरपास ३० सप्टेंबर २००६ रोजी कोसळला आणि पाच जण मरण पावले. त्यात दोन्ही बाजूंच्या कॅन्टिलिव्हरवर मधला स्पॅन असाच टेकवलेला होता. तुटला तो कॅन्टिलिव्हरच्या टोकाकडचा भाग, शिअरमध्ये. सळ्यांची मांडणी सदोष होती आणि काँक्रीटही खराब झालं होतं.

स्टीलमध्ये हिंज ओळखणं सोपं नसतं, कारण ड्रॉइंगवर पुस्तकासारखा गोल ठिपका नसतो. स्प्लाइस बघा. प्लेटा फक्त वेबला असतील आणि फ्लँज मोकळे सोडले असतील, तर तो जोड शिअर नेतो, मोमेंट जवळपास नेत नाही, आणि डिझाइनरने तिथे हिंज धरलाय असं समजायला हरकत नाही. फ्लँजलाही प्लेटा असतील तर बीम सलग आहे आणि वरचं सगळं गणित लागू होत नाही. इरेक्शनच्या वेळी "मजबुतीसाठी" अशा मोकळ्या फ्लँजला कोणी प्लेट वेल्ड करून टाकली, तर तुमच्या बीमचं काय होईल ते काढून बघा. A चा मोमेंट २८० वरून कमी होतो, पण B पाशी जिथे शून्य धरला होता तिथे मोमेंट उभा राहतो, R_C वाढते, आणि त्या वेल्डची गणना कोणीच केलेली नसते. १० मीटरच्या सलग प्रॉप्ड कॅन्टिलिव्हरचं सूत्र तुमच्याकडे असेलच. यूडीएल आणि B वरचा २० असे दोन्ही लोड त्यात टाकून R_C काढा: यूडीएलमधून ३७.५ आणि पॉइंट लोडमधून ४.१६ येतील.